बुधवारी चार वाजता

फोन वाजला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेरच्या खोलीत आलो आणि रिसीव्हर उचलला.

"कोण?"

"मी वैजू."

चार वर्षांनी आवाज ऐकत होतो. तोंडातून शब्द गेला तो असा :

"काय काम आहे?"

पलीकडे गाड्यांचा आवाज होता. कुठल्या तरी नाक्यावरच्या, एक रुपया टाकून बोलायच्या पेटीतून बोलत असावी. मी वाट बघत होतो. एक तर ही रडेल, 'अप्पा, चुकलं माझं' म्हणेल. नाही तर तडकेल, 'चार वर्षांनी फोन केला तर ही भाषा?' म्हणेल. दोन्हींची उत्तरं माझ्याकडे तयार होती. चार वर्षं मी दुसरं केलं काय होतं?

"काम काही नाही, अप्पा," ती म्हणाली. "बोलावंसं वाटलं. दर बुधवारी मी मिरजेत असते, चारच्या सुमाराला मोकळी होते. आज तुम्हाला वेळ नसेल तर पुढच्या बुधवारी करते."

"करू नकोस."

"बरं. उचलायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी चार वाजता करीन."

आणि तिनं फोन ठेवला. आपटला नाही, ठेवला. मी साबण वाळलेल्या गालानं तसाच उभा. माझी दोन्ही उत्तरं तोंडातच राहिली होती आणि त्याचाच मला जास्त राग आला.

ही अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी रघुनाथ आवटी, सांगलीच्या एसटी स्टँडवर एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची वीस वर्षं कंट्रोलर म्हणून. वैजयंती माझी एकुलती एक मुलगी, शाळेत शिकवायची. तिची आई ती कॉलेजात असतानाच गेली. पुढे वैजूनं माझ्याच डेपोतल्या एका कंडक्टरशी, प्रल्हाद कांबळेशी, नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. मला आधी सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. मी म्हणालो होतो, त्याच्याशी केलंस तर या घराचं दार तुला बंद. लोकांना मी सांगायचो, अहो, कंडक्टर आहे तो, कंट्रोलरच्या पोरीनं कंडक्टरशी करायचं? आता वय झालं, खोटं बोलून काय मिळवायचं? कारण हुद्दा नव्हतं. जात होती.

दुसऱ्या बुधवारी चार वाजता फोन वाजला. उचलायचा नाही असं ठरवलं होतं. पाचव्या घंटेला उचलला.

"पुन्हा का?"

"बुधवार आहे म्हणून," ती म्हणाली. "अप्पा, गुडघा कसा आहे? शेजारच्या काकू म्हणाल्या, जिना चढताना त्रास होतो."

"तुला काय करायचंय माझ्या गुडघ्याशी?"

"करायचं काही नाही, विचारलं. मी बरी आहे. शाळेला सध्या रजा टाकलीय. पुढच्या बुधवारी याच वेळेला करते."

फोन ठेवल्यावर मात्र माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. ही बोलायची पद्धत माझी होती.

चौकशीच्या खिडकीवर माणूस कधी 'नमस्कार' म्हणून येत नाही. "ओ मास्तर, जतची गाडी मेली का काय?" असा येतो. "झोपलाय का आत?" असा येतो. नवीन आलेल्यांना मी शिकवायचो. आमच्यात एक सोनवणे होता, तो लगेच भिडायचा : "मेली असंल तर खांदा द्यायला या!" मग खिडकीवर दहा माणसं गोळा आणि गाडी राहिली बाजूला. दुसरे एक तावदारे होते, ते हात जोडायचे, "माफ करा साहेब, चुकलं साहेब." आता गाडी उशिरा आली यात तावदाऱ्यांचं काय चुकलं? पण माणूस असा वाकला की समोरचा आणखी चढतो, हे मी रोज बघत होतो.

मी त्यांना सांगायचो, त्यानं शिवी दिली ती ऐकायची, पण उत्तर द्यायचं ते प्रश्नाला. प्रश्न काय आहे? जतची गाडी कुठं आहे. मग सांगा, "जतची गाडी मिरजेहून निघालीय, पंधरा मिनिटांत सहा नंबरला लागेल." आवाज चढवायचा नाही आणि पाडायचाही नाही. नसलेली चूक कबूल करायची नाही. तो पाठ फिरवायच्या आत एवढं म्हणायचं, "नाही लागली तर परत या, मी इथंच आहे." बस्स. दहांतली आठ माणसं दुसऱ्या वेळेला नीट बोलतात. उरलेली दोन बोलत नाहीत, पण त्यांची गाडी चुकत नाही, आणि खिडकी असते ती गाडीसाठी.

वैजू लहान असताना शाळा सुटली की माझ्या केबिनमध्ये स्टुलावर बसून अभ्यास करायची. हे सगळं तिनं तिथं ऐकलेलं. आणि आता ती ते माझ्यावरच चालवत होती! माझीच काठी माझ्याच पाठीत! मी चिडलो. म्हटलं, बघू किती दिवस चालवते. खिडकीवरच्या माणसाला संध्याकाळी घरी जाता येतं, पोटच्या पोरीला ते किती दिवस जमतंय बघू.

म्हणून तिसऱ्या बुधवारी मी ठरवून, शब्द जुळवून बसलो. फोन उचलला आणि 'कोण' असंसुद्धा विचारलं नाही.

"अजून जिवंत आहेस का?"

मला आठवतं, पलीकडे एक रिक्षा गेली, मग कोणी तरी खोकलं. मला वाटलं, जिंकलो.

"हो अप्पा," वैजू म्हणाली. "आहे. तुमचा आवाज खणखणीत आहे, ऐकून बरं वाटलं." आणि मग, "हे मात्र मला लागलं. पण पुढच्या बुधवारी करते."

ठेवला फोन. मी काय जिंकलो होतो ते मला संध्याकाळपर्यंत कळेना. रात्रीची भाकरी तशीच झाकून ठेवली.

त्यानंतर मी तसं बोललो नाही. नीटही बोललो नाही. "काय?" म्हणायचो. "बोल," म्हणायचो, तेही असं की ऐकणाऱ्यानं गप्प बसावं. पण ती बोलायची. एका रुपयात बसेल तेवढंच बोलायची, शेवटी पेटीतून टुंग वाजायचं आणि ती म्हणायची, "झालं अप्पा, पुढच्या बुधवारी." पाचव्या का सहाव्या वेळेला तिनं विचारलं, आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी मी अजून तशीच करतो का. मी म्हणालो, "मिक्सरला होत नाही ती." ती म्हणाली, "खलबत्त्यालाच करायला हवी." एवढंच. पण त्या दिवशी टुंग वाजलं तेव्हा मला तो आवाज आवडला नाही.

आता हेही सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. बुधवारी मी तीन वाजल्यापासून फोनजवळ बसायला लागलो होतो. धुतलेला सदरा घालून. फोनला सदरा दिसत नाही हे मला कळत होतं. आणि तरी घंटा पाच होऊ द्यायच्या, मगच उचलायचा, आणि उचलला की "काय?"

एकदा मीच विचारलं, "इतके दिवस मिरजेत काय करतेस दर बुधवारी?"

"काम असतं," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते. मग म्हणाली, "अप्पा, या पेटीशेजारी एक रसवंती आहे, चौकातच. मी चार ते सहा तिथं असते, सहाला प्रल्हादची ड्युटी संपते, तो न्यायला येतो. तुम्ही आलात तर रस घेऊ. नाही आलात तरी मी बसलेली असतेच."

"मला वेळ नाही."

"वेळ असेल तेव्हा."

निवृत्त माणसाला कसला वेळ नसतो? पण तिनं तसं म्हटलं नाही. सोनवणे असता तर म्हणाला असता.

दहाव्या बुधवारी मी गेलो. तिला न सांगता. एप्रिलचं ऊन होतं, मिरजेची सिटी बस पकडली, चौकाच्या अलीकडच्या थांब्यावर उतरलो आणि पानपट्टीच्या आडोशाला उभा राहिलो. रस्त्यापलीकडे रसवंती, तिच्या खांबाला ती लाल पेटी. आणि पेटीपाशी वैजू.

ती फोन लावत होती. माझ्या घरी लावत होती. मी इथं उभा आणि तिकडं सांगलीत माझ्या रिकाम्या खोलीत घंटा वाजत होती. तिनं खूप वेळ रिसीव्हर कानाला धरला. मग ठेवला, रुपया परत पडला तो काढून घेतला आणि पुन्हा लावला. पुन्हा ठेवला. मग बाकावर जाऊन बसली.

मी रस्ता ओलांडणार होतो. एक पाय खाली टाकलाही होता. तेवढ्यात तिनं मान वळवली आणि मला तिचा चेहरा दिसला. डोक्याला ओढणी गच्च बांधलेली, तशी उन्हात सगळ्याच बायका बांधतात. पण चेहरा! गाल बसलेले, मनगटं काडीसारखी, रंग उडालेला. माझ्या घरात असताना दोन भाकऱ्या खाणारी पोरगी ती.

आणि मला काय वाटलं? मला वाटलं, बघा. बघा, कशी ठेवलीय त्यानं. मी म्हणत नव्हतो? माझं बोलणं खरं ठरलं याचा मला, अहो, बापाला, आत कुठं तरी आनंद झाला. मी पाय परत वर घेतला, मागच्या मागं फिरलो आणि मिळाली ती बस पकडून घरी आलो. तिला सहा वाजेपर्यंत तिथं बसायचं होतं. मी साडेपाचला घरी चहा पीत होतो.

अकराव्या बुधवारी चारला फोन आला. आवाज बारीक होता.

"काय गं," मी म्हणालो, "खायला घालत नाही वाटतं तो?"

हुशार होती, तिला कळलं.

"तुम्ही आला होतात, अप्पा?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"जेवते मी," ती म्हणाली. "प्रल्हाद स्वतः करून घालतो, त्याला बोलू नका. मला जात नाही हल्ली, ते वेगळं." दम लागल्यासारखी थांबली. "तुम्ही आलात ते बरं वाटलं. पुढच्या वेळी लांबून हाक मारा, नुसतं 'ए' म्हटलंत तरी चालेल. मी रस्त्याकडे तोंड करून बसते."

टुंग वाजलं. तिनं "पुढच्या बुधवारी" म्हटलं का, ते मला ऐकू आलं नाही.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. मी ठरवलं होतं. या बुधवारी पहिल्या घंटेला फोन उचलायचा आणि म्हणायचं, "बोल बाळ. थांब तिथंच, मी येतोय." आरशासमोर म्हणून पाहिलं. खलबत्त्यात चटणी कुटली, बरणीत भरली, बरणी पिशवीत घालून दाराशी ठेवली. घंटा वाजली की दोन शब्द बोलायचे आणि निघायचं.

चार वाजले. फोन नाही. सव्वाचार. रिसीव्हर उचलून कानाला लावला, फोन चालू होता. पुन्हा ठेवला, म्हटलं ती लावत असेल आणि मीच लाइन अडवून बसायचो. साडेचारला मी उठून खोलीत येरझारा घालायला लागलो. काळजी होती ती, पण एवढ्या वर्षांत माझ्याकडे काळजीला वेगळा आवाज राहिला नव्हता. घंटा वाजली, मी झडप घातली, आणि तोंडातून जे निघालं ते हे :

"कुठं उलथली होतीस इतका वेळ?"

पलीकडून पुरुषाचा आवाज आला.

"अप्पा, मी प्रल्हाद कांबळे बोलतोय."

आमचं चार वर्षांत एका शब्दाचं बोलणं नव्हतं. त्या माणसाला मी डेपोत सगळ्यांसमोर 'तुझी लायकी काय' म्हणालो होतो. त्या क्षणी तो मला काहीही बोलू शकला असता. मी ऐकून घेतलं असतं.

"वैजयंती मिरजेत दवाखान्यात आहे," तो म्हणाला. आवाज एका पातळीत होता, पण फार सांभाळून ठेवलेला. "रसवंतीच्या मागची मोठी इमारत, दुसरा मजला, सात नंबर. रविवारपासून ताप आहे. आज दुपारनंतर शुद्ध येते आणि जाते. पावणेपाचची मिरज गाडी मिळाली तर तुम्ही सव्वापाचला पोचाल. मी खाली दारात उभा आहे."

पावणेपाचची गाडी मिळाली. कशी, ते आठवत नाही.

तो दारात उभा होता. अंगावर खाकी गणवेश तसाच, दाढी वाढलेली. मला वाटलं, आता पाया पडेल, नाही तर तोंड फिरवेल. त्यानं दोन्ही केलं नाही. "या अप्पा," म्हणाला आणि माझा गुडघा बघून जिन्यावर माझ्या डाव्या बाजूला आला, हात धरला नाही, नुसता धरता येईल एवढ्या अंतरावर चालला.

पहिल्या वळणावर मी विचारलं, "काय झालंय तिला?"

"कॅन्सर. छातीचा. ऑपरेशन डिसेंबरात झालं. मग दर बुधवारी औषध चढवायचे, बारा वेळा. सकाळी येऊन चारला सुटायची. आज बारावं होतं. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या आणि ताप आला. ते आता आवरेना झालंय."

मी कठड्याला धरून थांबलो.

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं तिला. रोज म्हणत होतो. मीच येऊन सांगतो म्हटलं." त्यानं गणवेशाच्या बाहीनं तोंड पुसलं. "ती म्हणाली, सांगितलं तर अप्पा धावत येतील, मला माहीत आहे. पण ते आजाराला येतील. मला ते माझ्याकडे यायला हवेत. अजून वेळ आहे, म्हणाली. येतील ते, थोडं थोडं येतायत."

"मी तिला..." मला ते वाक्य पुन्हा तोंडात घेववेना. "तिसऱ्या बुधवारी मी तिला एक विचारलं होतं."

"माहीत आहे. त्या दिवशी माझी रजा होती, मी शेजारीच उभा होतो. मला ऐकू आलं."

"काय म्हणाली?"

"फोन ठेवला आणि हसली. म्हणाली, अप्पांनी एकदम मुद्द्याचं विचारलं."

"मग?"

प्रल्हादनं माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायचं की नाही हे तो ठरवत होता.

"मग रडली," तो म्हणाला. "बराच वेळ. पण पुढचा रुपया त्याच दिवशी बाजूला काढून ठेवला तिनं."

सात नंबरात एकच खाट होती. ओढणी नव्हती. माझ्या मुलीच्या डोक्यावर केस नव्हते, आणि त्या डोक्याचा आकार मला ओळखीचा वाटला, ती तान्ही असताना तो असाच होता. नाकात नळी, डोळे मिटलेले. परिचारिका म्हणाली, फार वेळ नका थांबू. मग माझ्याकडे बघून म्हणाली, थांबा.

प्रल्हादनं स्टूल ओढून खाटेला लावलं आणि स्वतः भिंतीशी जाऊन उभा राहिला.

"बोला अप्पा," तो म्हणाला. "ऐकू जातं म्हणतात."

मी बसलो. अकरा आठवडे मी 'काय' म्हणत होतो, 'कोण' म्हणत होतो, आणि नको नको ते बोललो होतो, आणि दर वेळेला पलीकडून उत्तर येत होतं. न रागावता, न वाकता. मी काहीही फेकलं तरी ती 'अप्पा' म्हणायची आणि पुढचा दिवस सांगायची. मला त्याची इतकी सवय झाली होती की ते कधी संपेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

मी वाकलो. तिच्या कानाशी तोंड नेलं.

"वैजू," मी म्हणालो. "मी अप्पा आलोय. कशी आहेस बाळ?"

नीट म्हणालो. आवाज कुठंही चढला नाही. मी थांबलो. तिच्या ओठांकडे बघत, पेटीतून आवाज येईपर्यंत थांबावं तसा थांबलो. भिंतीशी प्रल्हादनं तोंडावर हात दाबून धरला होता.

पहाटे ती गेली. तोवर मी किती वेळा विचारलं, ते मोजलं नाही. दर वेळेला विचारायचो आणि उत्तरासाठी जागा सोडायचो.